पक्षाघातानंतर हाताला काम देण्याविषयी

«बाबांना पक्षाघात होऊन पाच महिने झाले. उजवा हात थोडा हलतो, पण सगळं डाव्यानेच करतात. आता काही फरक पडेल का?»

पडू शकतो, मात्र हात नुसता हलवून नव्हे, तर त्याच्याकडून काम करवून घेऊन. १९९६ साली मेंदूशास्त्रज्ञ नुडो यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, सराव न मिळाल्यास इजेलगतचा मेंदूचा शाबूत भागही हाताचे काम सोडून देतो. परंतु बाधित हातानेच लहान खळग्यांतून खाद्य काढायला लावल्यास तो भाग टिकतो आणि काहींत विस्तारतोही.

याच धर्तीच्या उपचारात चांगल्या हातावर मोजा चढवून दोन आठवडे रोज काही तास बाधित हाताचा सराव घेतात. नागपुरात महाल भागात राहणाऱ्या माझ्या काकांना थेरपिस्टने आधी संत्र्याची सुटी फोड उचलायला, मग फोडी वेगळ्या करायला आणि शेवटी साल काढायला लावले. (संत्री घरात होतीच!) काम जमू लागले की लगेच थोडे अवघड करायचे, हे यातले मर्म.

फोड उचलताना खांदा वर जात असेल किंवा धड पुढे झुकत असेल, तर बोटांऐवजी पळवाटेचाच सराव होतो आहे असे समजावे. मनगट आणि बोटे स्वतःहून थोडीही उघडत नसतील, तर ही पद्धत सहसा लागू पडत नाही. चालताना, जिना चढताना आणि गरम पाण्याजवळ मोजा काढून ठेवावा.