मदत हवी आहे: आजीले नागिणीची कॅप्सूल अर्धी करून देता येते का? लवकर सांगा

कास्तकार_आर्णी
माही आजी परवापासून नुसती झोपूनच राहते. उठवलं तर उठते, चार घास खाते अन् पुन्हा आडवी. काल मोरीत जाताना भिंत धरली होती तरी झोल गेला, बायकोनं पकडलं म्हणून वाचली. नागीण झाली होती तिले, फोड सुकले पण आग काही जाईना, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरनं कॅप्सूल देल्ली. सकाळ-संध्याकाळ. आग बरीच कमी झाली पण हे झोपेचं सुरू झालं. आता सांगा, माह्या पोराले ताप आला की डॉक्टर वजन करून औषध देते, मंग बुढी बी वाळून काडी झाली तर तिले अर्धीच द्यायले पायजे ना? उघडून अर्धी पावडर शहदात देऊ का? आज रविवार आहे, दवाखाना बंद. "डॉक्टरले विचारा" लिहू नका, ते मले बी समजते.

संत्रावाला
कोणती कॅप्सूल? नाव तर लिही बाप्पा.

निवृत्त_सिस्टर
वय, वजन, शुगर आहे का, बीपी आहे का, अजून कोणत्या गोळ्या चालू आहेत? आणि आधी शुगर तपासा. शुगरच्या गोळीवर असलेलं म्हातारं माणूस असं सुस्त पडलं की पहिला संशय शुगर उतरल्याचा घ्यायचा, बाकी सगळं मागाहून.

कास्तकार_आर्णी
शुगर नाही तिले, तरी आशाताईच्या मशीनवर पाहिली, १२८ आली. बीपीची गोळी आहे. वय ७८. बाकी आधारावर काय लिहिलं ते सोडा.

दर्यापूरकर
म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, तुमचा हिशेब एकदम बरोबर आहे भाऊ. आमच्याकडे एक जुने डॉक्टर होते, ते साठीच्या पुढं सगळ्यांना अर्धाच डोस द्यायचे, कोणाला काही झालं नाही.

आई_वरूडची
बरं झालं विषय निघाला. माझ्या मुलीचं वजन १० किलो, तापाच्या पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आहेत घरी, एकीवर २५० लिहिलं आहे आणि एक थेंबांची छोटी. दोन्ही ५-५ मिली देऊ शकते का?

औषधवाला_वणी
वरूडच्या ताई, अजिबात नाही, आधी तुमचंच सांगतो कारण त्यात चूक झाली तर महागात पडते. एका वेळी किलोमागे १५ मिलिग्राम धरा, म्हणजे मुलीला १५०. २५० वाल्या बाटलीत ५ मिलीत २५० असतं, तर ३ मिली झालं. थेंबांच्या बाटलीत बहुतेक १ मिलीतच १०० असतं, लेबल वाचून घ्या, म्हणजे दीड मिली. ती ५ मिली दिली तर ५०० गेलं पोटात, तिपटीहून जास्त. छोटी बाटली म्हणजे हलकं औषध असं नसते. दोन डोसांत सहा तास ठेवा, अन् चमच्यानं नाही, सोबतच्या पिचकारीनं मोजा.

आता आर्णीवाले भाऊ, पट्टी हातात घ्या अन् मागचं बारीक अक्षर जसंच्या तसं टाइप करा. आजीचं वजन सांगा. लघवी किती वेळा झाली ते बी सांगा. अन् रक्ताचा एखादा रिपोर्ट असेल तर त्यातलं क्रिएटिनिन.

कास्तकार_आर्णी
प्रीगॅबॅलिन ७५, नॉरट्रिप्टिलीन १०. वजन ३८, आताच धान्याच्या काट्यावर केलं. रिपोर्ट दिवाळीचा आहे, क्रिएटिनिन १.१, बाजूला नॉर्मल लिहिलं आहे, म्हणजे किडनी चांगली आहे. लघवी सकाळपासून एकदाच झाली, ते बी थोडीशी. याचा झोपेशी काय संबंध?

दर्यापूरकर
क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनीचा प्रश्नच मिटला. माझ्या मते अशक्तपणा आहे, सलाईन लावा.

औषधवाला_वणी
प्रश्न तिथंच आहे दर्यापूरकर. क्रिएटिनिन येते मांसातून. ज्याच्या अंगावर मांस कमी त्याच्या रक्तात ते कमीच बनते, मंग किडनी निम्मी चालत असली तरी आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसून राहते. म्हणून ३८ किलोच्या बुढीचा १.१ अन् तुमचा-माझा १.१ एक नाही.

दवाखान्यात औषधाचा डोस ठरवायला जो हिशेब करतात तो इथं करून पाहा. १४० मधून वय वजा करा, ६२ राहिले. त्याला वजनानं गुणा, २३५६. आता ७२ ला १.१ नं गुणा, ७९.२ येते, त्यानं भागा, ३० च्या आसपास. बाईमाणूस आहे म्हणून ०.८५ नं गुणा. २५ आले. म्हणजे किडनी मिनिटाला अंदाजे २५ मिली रक्त साफ करून राहिली. हाच १.१ एखाद्या ३० वर्षाच्या ६५ किलोच्या गड्याचा असता तर हिशेब ९० वर गेला असता.

प्रीगॅबॅलिन शरीरात मोडत नाही, जवळपास सगळं जसंच्या तसं लघवीतून बाहेर जाते. तरण्या माणसात सहाएक तासांत निम्मं उतरते. आजीत ते दिवसभर बी अंगात राहू शकते, अन् वरून संध्याकाळची दुसरी कॅप्सूल येते. साचत गेलं. ज्याची किडनी ठणठणीत त्याला दिवसाला १५० चालते, पण १५ ते ३० च्या पट्ट्यातल्या माणसाला त्याच असरासाठी २५ ते ५० पुरते. झोप, लटपट चाल, जीभ जड होणं, सगळं त्यातलंच.

संत्रावाला
म्हणजे भाऊ म्हणत होता तेच झालं ना, वजन कमी तर डोस कमी. पोरासारखं.

औषधवाला_वणी
नाही ना जी. याच औषधाचं पाहा. फिटसाठी हे लहान पोरांना बी देतात, तिथं ३० किलो अन् त्यावरच्या मुलाला किलोमागे दिवसाला २.५ पासून सुरू करतात, अन् ३० च्या आतल्याला ३.५ पासून. पोरगं जितकं लहान तितकं किलोमागे जास्त, कारण धडधाकट पोराची किडनी वजनाच्या मानानं औषध झपाट्यानं फेकते. आजीचं उलटं आहे. तिला आता १५० म्हणजे किलोमागे ४ पडून राहिलं, लहान पोराच्या सुरुवातीच्या डोसापेक्षाही जास्त, अन् फेकायची ताकद पाव. नुसतं वजन पाहून अर्धं केलं तरी तिला जास्तच होईल. नवजात बाळाचं अजून वेगळं, त्याची किडनी अन् लिव्हर दोन्ही कच्चे, ते इथं नको.

गोंडपिपरीचा_गुरुजी
माझ्या वाचनात असं आहे की म्हातारपणी औषध पोटात नीट शोषलंच जात नाही, म्हणून डोस वाढवावा लागतो. तुम्ही कमी सांगता.

निवृत्त_सिस्टर
गुरुजी, शोषण थोडं सावकाश होतं, पण बहुतेक औषधं शेवटी पोचतात तितकीच. वयानं खरा फरक पडतो तो बाहेर टाकण्यात. आणि मला प्रीगॅबॅलिनपेक्षा त्या दुसऱ्या नावाची भीती वाटते. नॉरट्रिप्टिलीन लिव्हरमधून मोडतं, तेही या वयात मंदावतं, आणि त्याने लघवी अडते, तोंड कोरडं पडतं, संडास घट्ट होते, उभं राहिलं की बीपी उतरतं. वॉर्डात अशा कितीतरी आज्या पाहिल्या, सगळे म्हणायचे डोकं फिरलं, आणि कॅथेटर टाकलं की तासाभरात नातवाला ओळखायच्या. भाऊ, ओटीपोटावर हात ठेवून बघा, टम्म लागतं का? दाबलं की विव्हळते का?

कास्तकार_आर्णी
बायकोनं पाहिलं, थोडं फुगल्यासारखं आहे पण आजी काही म्हणत नाही. तोंड सुकते म्हणून सारखी पाणी मागते हे खरं. तुम्ही सगळे घाबरवून राहिले, सोपं सांगा, पावडर अर्धी करू का नाही?

औषधवाला_वणी
नाही. एका कॅप्सूलमध्ये दोन औषधं आहेत, डोळ्यानं निम्मं केलेल्या पावडरीत कोणतं किती गेलं कोणालाच कळणार नाही. प्रीगॅबॅलिन एकटं कमी ताकदीचं मिळते, ते डॉक्टर लिहून देतील. आज संध्याकाळची कॅप्सूल देण्याआधी लिहून देणाऱ्या डॉक्टरला फोन लावा, रविवार असला तरी. नाही लागला तर ग्रामीण रुग्णालयात इमर्जन्सी उघडी असते, तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला पट्टी दाखवा. हाक मारून उठत नसेल, श्वास संथ वाटला किंवा रात्रीपर्यंत लघवी झालीच नाही, तर फोनच्या बी नादी लागू नका, गाडीत घाला. महिनोन्महिने घेतलेली असती तर एकदम बंद करू नका म्हटलं असतं. किती दिवस झाले?

अन् एक राहिलं, दुखण्याची दुसरी कोणती गोळी चालू आहे का?

कास्तकार_आर्णी
कॅप्सूलले पंधरवडाच झाला असेल. दुखण्याची आहे ना, डायक्लोफेनॅक, मेडिकलमधून आणतो, गुडघ्यासाठी, जास्त दुखलं की घेते. ते तर साधं आहे.

निवृत्त_सिस्टर
साधं नाही. बीपीची गोळी, त्यावर डायक्लोफेनॅक, आणि या मे महिन्याच्या उन्हात कमी पाणी, तिन्ही मिळून किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. तुमचा रिपोर्ट दिवाळीचा. आजचा आकडा त्याहून वर असणार असं माझं मन सांगतं. उद्या आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करा. डायक्लोफेनॅक आजपासून नको.

दर्यापूरकर
एवढ्याश्या गोष्टीला लोक नागपूरला पळवतील आता. आमच्या आजीनं ९२ वर्षं कोणती तपासणी केली नाही.

संत्रावाला
तुमच्या आजीनं एवढ्या गोळ्या बी खाल्ल्या नसतील दर्यापूरकर. बाकी आमच्याकडं सकाळपासून लाईन नाही, कोणाकडं आहे का?

आई_वरूडची
दादा धन्यवाद, लेबल बघितलं, १ मिलीत १०० च आहे. सासूबाई आतापर्यंत झाकणानं देत होत्या 😬

कास्तकार_आर्णी
अपडेट. फोन लागला नाही, ग्रामीण रुग्णालयात नेलं. नळी टाकली तर पाऊण लिटर निघालं, सिस्टरताईचं बरोबर निघालं. रात्रीच आजी चहा मागत होती अन् मलेच विचारते हे कुठं आणलं. क्रिएटिनिन १.५ आलं. कॅप्सूल अन् डायक्लोफेनॅक दोन्ही बंद केले, प्रीगॅबॅलिन एकटं २५ फक्त रात्री, ते बी उद्यापासून. आग पुन्हा सुरू झाली मात्र, साडीचा पदर लागला तरी ओरडते. त्याच्यावर लावायचं काही असते का?

औषधवाला_वणी
१.५ नं हिशेब केला तर १८ येते, म्हणून २५ वर ठेवलं ते बरोबर आहे. चार-पाच दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा करायला सांगा, पाणी मिळालं अन् डायक्लोफेनॅक थांबलं की उतरायला पायजे, तेव्हा डोस पुन्हा ठरेल. नळी काढल्यावर लघवी आपोआप होते का ते पाहूनच घरी न्या. आगीवर लिडोकेनची पट्टी किंवा मलम असते, फोड पूर्ण सुकलेले असतील तर, डॉक्टरला विचारा, महाग आहे पण रक्तात फारसं जात नाही.

गोंडपिपरीचा_गुरुजी
तुरटीचं पाणी लावून बघा.

निवृत्त_सिस्टर
गुरुजी, नका हो.