शब्दचर्चा : रोबोच्या ‘एरर’ला मराठीत काय म्हणावं?

झेडपीची बाई, निलंगा

आठवी-नववीच्या पोरांसाठी लाइन फॉलोअरची कृतिपत्रिका मराठीत लिहायलेय. पांढऱ्या फ्लेक्सवर वायरमनची काळी चिकटपट्टी, तिच्यावरून चालणारी गाडी. पुढं दोन इन्फ्रारेड सेन्सर, वर अर्डुइनो उनो, मागं दोन पिवळ्या बीओ मोटरा. गाडी रेषेवरून थोडी सरकली तर थोडं वळायचं, जास्त सरकली तर जास्त वळायचं. इथवर पोरांना लगेच कळतं, अडतं ते शब्दांपाशी.

हाती आलेल्या जुन्या पत्रिकेत ‘एरर’ला ‘चूक’ आणि ‘प्रपोर्शनल स्टिअरिंग’ला ‘समानुपातिक सुकाणू’ छापलंय. सुकाणू इथं कुणी पाहिलेलं नाही. आणि स्क्रीनवर ३६० आलं की पोरं विचारतात, “बाई, तीनशेसाठ चुका कुणाच्या?” प्रोग्रामचा गाभा एवढाच आहे :

```
int dava  = analogRead(A0);
int ujava = analogRead(A1);
int farak = dava - ujava;
int valan = farak * 0.15;
analogWrite(5, constrain(120 - valan, 0, 255)); // डावी मोटर
analogWrite(6, constrain(120 + valan, 0, 255)); // उजवी मोटर
```

मी तिथं `farak` लिहिलंय खरं, पण ‘फरक’ हा शब्द पुरेसा शास्त्रीय वाटत नाही. काय वापरावं?

तिसऱ्या वर्षाचा, नांदेड

‘त्रुटी’ वापरा, मॅडम. कंट्रोल सिस्टिममध्ये एरर म्हणजे जे हवं ते वजा जे मिळालं ते. हवंय शून्य, मिळालं ३६०, म्हणून त्रुटी. प्रपोर्शनलला ‘समानुपाती’ ठीक आहे. आणि ०.१५ फार कमी आहे, ०.५ करा, गाडी रेषेला चिकटून चालेल. सेन्सर तीन पायांचं मॉड्यूल घ्या, स्वस्त पडतं.

परभणीकर

‘त्रुटी’ म्हटलं की मला आमच्या कार्यालयातला शेरा आठवतो : ‘प्रस्तावात त्रुटी असल्याने परत’. पोरं सेन्सर दुकानात परत करायला नेतील.

जुना निदेशक, छत्रपती संभाजीनगर

आधी आकडे बघू, शब्द त्यातूनच निघेल. बाई, पांढऱ्यावर आणि काळ्यावर तुमचा सेन्सर किती दाखवतो? आणि पट्टीची रुंदी, दोन सेन्सरमधलं अंतर?

तिसऱ्या वर्षाच्या मित्रा, तीन पायांचं मॉड्यूल इथं चालणार नाही. त्यात कंपॅरेटर बसवलेला असतो, तो ‘काळं’ किंवा ‘पांढरं’ एवढंच सांगतो. `analogRead` लावलं तरी आकडा एक तर तळाला नाही तर टोकाला, मधलं काही मिळत नाही. चार पायांचं घ्यायचं आणि त्याचा A0 पाय वापरायचा.

झेडपीची बाई, निलंगा

चार पायांचंच आहे, टीसीआरटी ५०००. पांढऱ्यावर साधारण ८०, काळ्यावर ८५०. पट्टी १८ मिलिमीटर, सेन्सरही मध्यापासून मध्यापर्यंत १८ वर बसवलेत. जमिनीपासून उंची ८ मिलिमीटर.

जुना निदेशक, छत्रपती संभाजीनगर

बसवलेत अगदी बरोबर. गाडी मधोमध असताना दोन्ही सेन्सर पट्टीच्या दोन काठांवर येतात, अर्धं काळं, अर्धं पांढरं. दोघांचेही आकडे ४६५ च्या आसपास, वजाबाकी शून्य. आता गाडी दोन मिलिमीटर उजवीकडे सरकली असं धरा. डावा सेन्सर पट्टीवर आत येतो, उजवा बाहेर जातो. डावा ६४०, उजवा २८०, वजाबाकी ३६०. त्याला ०.१५ ने गुणलं की ५४. डाव्या मोटरला ६६, उजव्या मोटरला १७४, आणि गाडी डावीकडे वळते. पोरांचा ३६० तो हा. यात चूक कुणाचीच नाही, दोन डोळ्यांना दिसलेल्यातला हा फरक आहे.

पण खरी गोम पुढं आहे. गाडी आणखी सरकू द्या. चार-पाच मिलिमीटरला डावा पूर्ण काळ्यावर, उजवा पूर्ण पांढऱ्यावर, फरक ७७०. याच्यावर तो जाऊच शकत नाही. आणखी सरकत १८ मिलिमीटरला गेली की डावा पट्टीच्या पलीकडच्या काठावर येतो आणि फरक पुन्हा ३८५ च्या घरात. म्हणजे दोन मिलिमीटरला जो आकडा, जवळपास तोच अठराला. बावीस-तेवीसला दोघेही पांढऱ्यावर, फरक शून्य, आणि गाडी खुशाल नाकासमोर चालत भिंतीला जाते. तिच्या लेखी सगळं ठीक आहे.

म्हणून माझं मत असं की शब्द दोन लागतात. गाडी रेषेपासून खरोखर किती सरकली ते ‘विचलन’. सेन्सरच्या वजाबाकीतून आलं ते ‘फरक’. इंग्रजी पुस्तकं इथं बऱ्याचदा दोन्हीला एरर म्हणून मोकळी होतात. आपण कशाला होऊ?

तिसऱ्या वर्षाचा, नांदेड

हे मान्य. पण मग रेषा सुटली हे कळणार कसं? शून्य म्हणजे मधोमध की बाहेर?

जुना निदेशक, छत्रपती संभाजीनगर

वजाबाकी सांगत नाही, बेरीज सांगते. रेषेवर असेपर्यंत एक जेवढा वाढतो तेवढा दुसरा कमी होतो, म्हणून बेरीज ९३० च्या आसपास टिकून राहते. १४ मिलिमीटरच्या पुढं ती उतरू लागते आणि रेषा पूर्ण सुटली की १६०. बेरीज ७०० च्या खाली आली की नवा फरक मोजायचाच नाही, शेवटचं वळण तसंच धरून ठेवायचं. सुटलेल्या गाडीला परत आणायला एवढं बहुतेक वेळा पुरतं.

ट्रॅक्टरवाला, औसा

स्टिअरिंगचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमचा ट्रॅक्टर स्टिअरिंग सरळ धरलं तरी डावीकडं ओढायलाय. हवा दोन्ही टायरला सारखी हाय. काय करावं?

परभणीकर

दादा, इथं खेळण्यातल्या गाडीचं चाललंय. एक बिघडली तर चार पोरं हातावर उचलून नेतात.

जुना निदेशक, छत्रपती संभाजीनगर

थांबा, त्यांनी नेमका शब्द दिलाय. दादा, तुमचं अलाइनमेंट एकदा मिस्त्रीला दाखवा, पण ‘ओढ’ हा शब्द मी इथं घेतो.

दोन बीओ मोटरा कधीच सारख्या नसतात. समजा उजवी थोडी मंद आहे. फरक शून्य असताना दोघींना १२० मिळतात, तरी गाडी उजवीकडं ओढते. थोडी सरकली की फरक तयार होतो, त्यातून वळण मिळतं, आणि ओढ व वळण जिथं सारखे होतात तिथं ती स्थिरावते. फरक ८० ला स्थिरावली तर वळण १२, म्हणजे डावी १०८ आणि उजवी १३२. गाडी सरळ जाते, पण रेषेच्या किंचित उजव्या अंगानं. ओळखायचं कसं, तर सरळ पट्टीवर सीरियल मॉनिटरमध्ये फरक शून्याभोवती खेळायच्या ऐवजी एकाच बाजूच्या आकड्यावर बसलेला दिसतो.

तिसऱ्या वर्षाचा, नांदेड

याला स्टेडी स्टेट एरर म्हणतात, आणि तो घालवायला इंटिग्रल लागतो, म्हणजे मागचे फरक साठवत जाऊन त्यावरूनही वळवणं. प्रपोर्शनलनं जातच नाही.

जुना निदेशक, छत्रपती संभाजीनगर

नियम बरोबर आहे, इथं त्याची गरज नाही. ओढ कायमची असेल तर मूळ वेगच वेगळे द्या. दोन्हीकडं १२० लिहिण्याऐवजी डावीकडं १०८ आणि उजवीकडं १३२ लिहा. बॅटरी उतरली की हे थोडं हलेल, पण आठवीच्या वर्गाला चालण्यासारखं आहे. इंटिग्रल पोरांच्या हाती दिला तर रेषा सुटलेल्या वेळात तो साठत जातो, आणि परत आल्यावर गाडी स्वतःभोवती गिरक्या घेत बसते.

आणि तुमचं ०.५. फरक ३६० असेल तर वळण १८०. डावी मोटर शून्यावर, उजवी २५५ वर. दोन मिलिमीटर सरकल्याची ही शिक्षा. गाडी मध्य ओलांडून पलीकडं जाईल, तिथून तशीच परत येईल. चिकटून राहण्याऐवजी झोकांड्या खाईल.

झेडपीची बाई, निलंगा

‘झोकांड्या’ घेतला. ऑसिलेशनला ‘दोलन’ लिहिणार होते, पण पोरांनी गाडी बघितली की झोकांड्याच म्हणतील. ‘ओढ’ही पक्का. पण उंचीबद्दल कुणी बोललं नाही. जुन्या पत्रिकेत सेन्सर जमिनीला जितका जवळ तितका चांगला, असं आहे.

जुना निदेशक, छत्रपती संभाजीनगर

काळं-पांढरं ओळखायचं असेल तर ते खरं. या सेन्सरला परतीचा प्रकाश सगळ्यात जास्त मिळतो तो अडीच मिलिमीटरवर. पण तेवढ्या जवळून त्याला जमिनीचा बारीकसा ठिपका दिसतो. काठ त्या ठिपक्यातून झपकन पार होतो, आकडा ८० वरून एकदम ८५० वर उडी मारतो, आणि तुमच्या चार पायांच्या मॉड्यूलचं पुन्हा तीन पायांचं होतं. आठ-दहा मिलिमीटरवर ठिपका पसरतो, काठ हळूहळू पार होतो, मधले आकडे मिळतात. पंधराच्या वर नेऊ नका, तिथं परतीचा प्रकाशच पाचव्या हिश्श्यावर येतो. शिवाय वर उचललं की दारातलं ऊनही आत शिरतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, त्यामुळं काळी पट्टीसुद्धा त्याला पांढरी वाटते. सेन्सरच्या चारी बाजूंनी काळ्या कार्डशीटची झालर लावा.

परभणीकर

मग ‘प्रपोर्शनल’चं काय ठरलं? ‘प्रमाणबद्ध’ नको, ते मूर्तीला शोभतं. ‘प्रमाणशीर’ म्हणजे जेवण. ‘समप्रमाण’ पोरांनी गणितात शिकलेलं आहे. पण बोलताना आपण म्हणतो ‘जेवढ्यास तेवढं’. ‘जेवढ्यास तेवढं वळण’ लिहिलं तर?

ट्रॅक्टरवाला, औसा

हां, हे बरोबर हाय. औताला नवा गडी धरला की तो कासरा एकदम हिसकतो, बैल बुजतात, तास वाकडं जातं. जुना गडी जेवढ्यास तेवढा ओढतो.

तिसऱ्या वर्षाचा, नांदेड

शब्द गोड आहे, पण सरांच्याच हिशेबानं चार मिलिमीटरच्या पुढं वळण वाढतच नाही. मग ते जेवढ्यास तेवढं कसं? आणि परीक्षेत पोरानं ‘जेवढ्यास तेवढं’ लिहिलं तर मार्क कोण देणार? मी ‘समप्रमाणी वळण’वर ठाम आहे.

जुना निदेशक, छत्रपती संभाजीनगर

चार मिलिमीटरबद्दलचा मुद्दा बिनतोड आहे. पण तो ‘समप्रमाणी’लाही तितकाच लागू पडतो. खरं समप्रमाण काठाच्या त्या आठ मिलिमीटरच्या पट्ट्यातच आहे, पुढं दोन्ही शब्द खोटे.

झेडपीची बाई, निलंगा

मथळ्यात ‘समप्रमाणी वळण’ आणि कृतीत ‘जेवढ्यास तेवढं’ असं तूर्त ठेवते. आता पुढचं. रेषेवर रेषा आडवी गेली तर पोरं तिला चौफुली म्हणतात, तिथं बेरीज १७०० येते, तो शब्द ठरल्यातच जमा आहे. पण एकाच बाजूला रेषा फुटली की बेरीज १३०० च्या आसपास जाते, आणि गाडी तिकडंच वळते, जणू रेषाच तिकडं गेलीय. याला ‘फाटा’ लिहू का?

परभणीकर

फाटाच. दुसरा शब्द सुचवणाऱ्यानं आधी एसटीच्या पाट्या बदलून आणाव्यात.

जुना निदेशक, छत्रपती संभाजीनगर

फाटा चालेल. फक्त तिथं फरक मोजू नका, बेरीज ११०० च्या वर गेली की दोन्ही मोटरा मूळ वेगावर सरळ सोडा. आणि फाटा कोपऱ्याला चिकटून काढू नका, तिथं दोन सेन्सरवर काम भागत नाही.