मदत हवी आहे: HCl च्या गणितात एएमयूचं किलोग्रॅम केल्यावर उत्तर ३१ पट कमी येतंय

अनुजा_के
HCl रेणूच्या कंपनाचा वेव्हनंबर काढायचा आहे. फोर्स कॉन्स्टंट ५१६ न्यूटन प्रति मीटर दिलाय. हायड्रोजन १.००७८३ एएमयू, क्लोरीन-३५ ३४.९६८८५ एएमयू. रिड्यूस्ड मास ०.९७९६ एएमयू आला. त्याला अ‍ॅव्होगॅड्रो संख्येने भागून १.६२६७ × १०^-२४ मिळालं आणि ते सूत्रात टाकलं:

```
ν̃ = (1 / 2πc) × √(k / μ)
```

c सेंटिमीटर प्रति सेकंदात घेतला. उत्तर आलं ९४.६ सेमी^-१, पुस्तकात २९९० आहे. ग्रॅम-किलोग्रॅमचा घोळ असता तर हजार पटींचा फरक पडला असता ना? इथे ३१.६ पट पडतोय, म्हणजे चूक दुसरीकडे कुठेतरी असणार. कुठे?

रसायनप्रेमी
अ‍ॅव्होगॅड्रोने भागूच नकोस, ती पद्धतच चूक. एएमयूला सरळ १.६६०५४ × १०^-२७ ने गुणायचं.

वर्णपट
गुणाकार करायचा हे ठीक, पण भागाकाराची पद्धतही चूक नाही. एएमयूतला आकडा अ‍ॅव्होगॅड्रो संख्येने भागला की वस्तुमान ग्रॅममध्ये येतं, इतकंच. अनुजा, तुझं १.६२६७ × १०^-२४ हे ग्रॅम आहेत. हजाराने भाग, १.६२६७ × १०^-२७ किलोग्रॅम होतील.

आता ३१.६ चं. μ वर्गमुळाच्या आत आहे, त्यामुळे हजार पटींची चूक बाहेर येताना √१००० म्हणजे ३१.६२ पट होऊन येते. हा आकडा ओळखून ठेव. वर्गमुळाचं सूत्र असेल आणि उत्तर ३१.६ पट चुकलं असेल, तर आधी किलोग्रॅमकडे बघायचं.

किलोग्रॅमच का, तर न्यूटन प्रति मीटर म्हणजेच किलोग्रॅम प्रति सेकंद वर्ग. k मध्ये किलोग्रॅम आहे म्हणून μ मध्येही तोच हवा. जुन्या पुस्तकांत हाच k ५.१६ × १०^५ डाइन प्रति सेंटिमीटर असा देतात. तिथे तुझे ग्रॅम जसेच्या तसे चालले असते आणि उत्तर २९९० च आलं असतं.

नीट करून बघू. ५१६ ÷ (१.६२६७ × १०^-२७) = ३.१७२ × १०^२९. वर्गमूळ ५.६३२ × १०^१४. त्याला २π ने भागलं की ८.९६४ × १०^१३ हर्ट्झ, आणि २.९९८ × १०^१० ने भागलं की २९९० सेमी^-१.

गणकयंत्र
एक भर. दोन्ही अणूंचं आधी किलोग्रॅम करून मग रिड्यूस्ड मास काढलात तर वरच्या गुणाकारात १.६६०५४ × १०^-२७ दोनदा येतो, खालच्या बेरजेत एकदा. वर एकदाच घेतला तर वरचा-खालचा उडून जातो आणि हातात परत ०.९७९६ उरतं, ज्याला लोक किलोग्रॅम समजतात. म्हणून μ एएमयूतच काढा, रूपांतर शेवटी एकदाच करा.

कॅल्क्युलेटरवर छेदाला कंस द्या. ५१६ ÷ ०.९७९६ × १.६६०५४ EXP -२७ असं सलग दाबलं तर यंत्र भागायच्या जागी गुणतं. वर्गमुळाआधीच १०^-२५ च्या आसपास काही दिसलं तर समजा कंस राहिला.

केंद्रक_२
माझं हीलियम-४ चं गणित आहे, वस्तुमानातली तूट ०.०३०४ एएमयू. मलाही आधी किलोग्रॅम करावे लागतील का?

वर्णपट
तुमचा प्रश्न वेगळा आहे. उत्तर एमईव्हीत हवं असेल तर किलोग्रॅमच्या वाटेला जाऊच नका. ०.०३०४ ला ९३१.४९४ ने गुणा, सुमारे २८.३ एमईव्ही येईल. ज्यूल हवे असतील तरच किलोग्रॅम करून c² ने गुणा, आणि तिथे c मीटर प्रति सेकंदात.

रसायनप्रेमी
क्लोरीन ३५.४५ घेतला तर? तक्त्यात तोच आहे.

वर्णपट
२९९० च्या जागी २९८९ येईल, फरक किरकोळ. पण ३५.४५ वस्तुमानाचा क्लोरीन अणू निसर्गात नाही, ती सरासरी आहे. क्लोरीन-३७ घेऊन केलं तर २९८८ च्या जवळ येतं. हा दोन सेमी^-१ चा फरक खऱ्या वर्णपटात जोडरेषा म्हणून दिसतो, म्हणून इथे समस्थानिकाचंच वस्तुमान घ्यावं.

अनुजा_के
२९९० आलं, धन्यवाद. पण दुसऱ्या पुस्तकात HCl चा k ४८१ दिलाय आणि उत्तर २८८६. तिथेही एएमयूचीच गडबड आहे का?

वर्णपट
नाही, ते रूपांतर बरोबर आहे. २८८६ ही प्रत्यक्ष मोजलेली मूळ रेषा, आणि तिच्यावरून उलट काढलेला k ४८१. ५१६ हा कंपनातली अहार्मोनिकता वगळून मिळणाऱ्या २९९० वरून काढलेला. प्रश्नात जो k दिला असेल तो घे.

गणकयंत्र
आणि k दिलाच नसेल, फक्त २८८६ दिलं असेल आणि k विचारला असेल, तर ४८१ लिहिल्यावर ५१६ अपेक्षित धरणारे तपासनीस गुण देतात का, कोणाला माहीत आहे?