उत्तर: जुना मध आणि बाळाची घुटी

> सात वर्षांचा मध साखरेसारखा घट्ट झालाय. उकळून बाळाला घुटीत चाटवला तर चालेल का?

मोठ्यांनी खुशाल खा, पण बाळाला वर्षाचं होईपर्यंत अजिबात नको. घट्ट होणं म्हणजे मधातल्या ग्लुकोजचे खडे बनणं. बरणी कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात. मधात पाणी जेमतेम १७-१८ टक्के असतं, शिवाय तो आम्लधर्मी, त्यामुळे जंतू त्यात वाढत नाहीत. फेस आणि आंबूस वास आला, तर मात्र ओल शिरून तो आंबलाय.

वर कुणी लिहिलंय की शुद्ध मधाने काही होत नाही. हे पटत नाही, कारण प्रश्न भेसळीचा नाहीच. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू मातीतून शुद्ध मधातही येतात. ते मधात वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. घरच्या उकळण्यानेसुद्धा नाही. त्यासाठी प्रेशरखाली १२१ अंश लागतात. मोठ्यांच्या आतड्यातले नेहमीचे जंतू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात ती फौज अजून तयार नसते, म्हणून बीजाणू तिथे रुजून विष बनवतात. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठाने होते. मग पापण्या जड, रडणं क्षीण, दूध ओढायला जोर नाही, मान सैल. असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा आणि मध चाटवल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. बारशाला सोन्याच्या अंगठीने चाटवतात, त्या थेंबालाही हेच लागू.