करारात लंडनचं कोर्ट, तर दावा कोल्हापुरात का नको?

शिरोलीचा फौंड्रीवाला: इंग्लंडच्या ग्राहकाने कास्टिंगचे पैसे अडवलेत, मालात दोष काढतोय. करारात 'वाद फक्त इंग्लंडच्या कोर्टात' असं कलम आहे. पण माल इथे ओतला, तपासणी इथे झाली, साक्षीदार सगळे इथले. कोल्हापुरात दावा लावून 'लंडन गैरसोयीचं आहे' असं म्हणता येणार नाही का? माझं मत, आलं पाहिजे.

अपील_साईड: दावा दाखल करता येईल, पण गैरसोयीचा मुद्दा फार चालेल असं वाटत नाही. मोदी एंटरटेनमेंट विरुद्ध डब्ल्यूएसजी क्रिकेट हा २००३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. नैरोबीतली २००० ची आयसीसी नॉकआउट स्पर्धा दूरदर्शनवर दाखवण्याचा करार होता. मोदींनी नुकसानभरपाईसाठी मुंबई हायकोर्टात दावा लावला, समोरच्यांनी ठरलेल्या रकमेसाठी इंग्लंडमध्ये. तिकडचा दावा थांबवा म्हणून मोदींनी मुंबईत मनाई मागितली. एक न्यायाधीशांनी दिली, खंडपीठाने उठवली आणि सुप्रीम कोर्टाने खंडपीठाचंच कायम केलं. सही करताना जी अडचण दिसत होती, ती नंतर कारण म्हणून चालत नाही. तुमचे साक्षीदार कोल्हापूरचेच असणार, हे सहीच्या दिवशीही ठाऊक होतं.

रोखठोक: हे मला मुळीच पटत नाही. 'सोयीचं कोर्ट' हे तत्त्व नेहमी बलवानाच्याच कामी येतं. भोपाळ आठवा. पीडित न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले, तर १९८६ साली न्या. कीनन यांनी पुरावे, साक्षीदार भारतात आहेत म्हणून खटला इकडे पाठवला. तेव्हा साक्षीदार कुठे आहेत हे महत्त्वाचं होतं, आता फौंड्रीवाल्याच्या वेळी नाही? शिवाय करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे कोर्टाची वाट बंद करणारी अट रद्दच असते.

अपील_साईड: भोपाळच्या पीडितांनी कोणत्याही कोर्टाबद्दल करार केला नव्हता, त्यामुळे तिथे फक्त सोय तोलली गेली. इथे दोघांनी आधीच कोर्ट निवडलंय. कीननसाहेबांनी कार्बाइडवर अटी घातल्या होत्या: भारतीय कोर्टाचा अधिकार मान्य करायचा, मुदतीचा आक्षेप घ्यायचा नाही, भारतातला निकाल पाळायचा. ही शेवटची अट १९८७ च्या अपिलात काढली गेली. तेव्हा तुमचा राग मला समजतो. कलम २८ चं मात्र अर्धंच बरोबर आहे. सगळीच कोर्टं बंद केली तर अट रद्द. एक निवडलं आणि ते तटस्थ परदेशी असलं, तरी चालतं, हे मोदी निकालातच आहे.

भोसरी_टूल्स: माझ्या बिलावर 'सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन' छापलेलं असतं. लुधियानाच्या पार्टीवर पुण्यातच दावा चालला, काही अडचण आली नाही. तुम्हीही बिलावर कोल्हापूर छापा.

अपील_साईड: दादा, तुमचे दोन्ही पक्ष भारतातले. इथे सही केलेल्या कराराविरुद्ध एकतर्फी छापलेली ओळ टिकणं कठीण.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. ग्राहकाचं बँक खातं, गोदाम इंग्लंडमध्ये आहे. कोल्हापूरचा हुकूमनामा तिकडेच बजावायचा. तिथल्या १९८२ च्या दिवाणी अधिकारक्षेत्र कायद्याचं कलम ३२ सांगतं, की कोर्ट निवडण्याचा करार मोडून परदेशात मिळवलेला निकाल मान्य करायचा नाही. ग्राहक स्वतःहून कोल्हापूरच्या कोर्टात येऊन लढला तरच गोष्ट वेगळी. तो आला नाही, तर वर्षानुवर्षं लढून हाती कागद राहील. उलट इंग्लंडच्या वरिष्ठ कोर्टाचा निकाल लागला की वसुली तिथेच सुरू होते.

रोखठोक: म्हणजे लहान कारखानदाराने लंडनचा वकील करायचा? थकबाकी लाखात आणि खर्चही लाखात. घ्या नाहीतर सोडा अशा छापील कराराला 'दोघांनी निवडलेलं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अपील_साईड: खर्चाचं तुमचं म्हणणं खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मोदी निकालात अपवाद आहेत, पण ते अगदी अरुंद: निवडलेल्या कोर्टात जाणंच अशक्य झालं, दैवी आपत्ती आली, अशासारखे. महाग पडतं हे त्यात बसेल असं मला वाटत नाही. फौंड्रीवाले, कलमात 'फक्त' हा शब्द आहे याची खात्री करा. मोदींच्या करारात इंग्लंडला अधिकार होता, पण एकट्या इंग्लंडला नव्हता, म्हणून त्यांचा मुंबईचा दावा काही बंद पडला नाही. तसं असेल तर कलम ३२ तुम्हाला आडवं येण्याचं कारण नाही.

शिरोलीचा फौंड्रीवाला: करार पुन्हा पाहिला. मुख्य करारात 'फक्त' आहे, पण गेल्या वर्षीच्या दोन पर्चेस ऑर्डरवर कोर्टाचा उल्लेखच नाही. पैसे त्याच ऑर्डरचे थकलेत.

अपील_साईड: मग त्या ऑर्डरना मुख्य करार लागू आहे की नाही, यावरच पहिला वाद होईल. ऑर्डरवर मुख्य कराराचा क्रमांक किंवा 'आधीच्या अटींप्रमाणे' असं काही आहे का, ते बघा.

रोखठोक: नसेल तर लगेच कोल्हापुरात लावा!