मदत हवी आहे: ओव्हनच्या वॅट रीडिंगवरून युनिट काढतेय, तीन रीतींनी तीन वेगळे आकडे येतायत

अंबडची_टेक्निशियन

नमस्कार मंडळी, नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एका पार्टीचा ड्रायिंग ओव्हन टेस्टला आलाय, २ किलोवॅटचा. त्यांना एवढंच पाहिजे की गार ओव्हन चालू केल्यापासून पहिल्या दीड तासात एकूण किती युनिट खाल्ले. सोपं काम वाटलं, पण आमचा लॉगर नेमका दुसऱ्या जॉबवर अडकलेला म्हणून मी पॉवर मीटर लावून हातानेच वहीत रीडिंग घेतले. सुरुवातीला उत्साह होता, दर पाच मिनिटांनी घेतले, मग एक फोन आला, मग साहेबांनी दुसरीकडे बोलावलं, मग जेवायची सुट्टी... त्यामुळे वेळा अशा वेड्यावाकड्या पडल्यात:

```
वेळ     वॅट
11:40   2000
11:45   1900
11:50   1800
11:55   1600
12:00   1400
12:10   1000
12:30    600
13:10    400
```

आधी मी सरळ आठही रीडिंगची सरासरी काढली, १३३७.५ वॅट आली, गुणिले दीड तास म्हणजे २.००६ युनिट. मग आठवलं की डिप्लोमाला मॅथ्सच्या मॅडमनी समलंब चौकोनांची रीत शिकवली होती, ती एक्सेलमध्ये लावली तर उत्तर आलं उणे ४.६ युनिट!! म्हणजे ओव्हनने उलट आम्हालाच वीज दिली 😅 अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की शेवटची वेळ मी १३:१० ऐवजी १:१० टाकलेली, एक्सेलने ती पहाटेची धरली. ते सुधारल्यावर १.३८३ आलं. आणि ओव्हनच्या लाइनवर एक सबमीटर आहे त्याचे आधीचे-नंतरचे आकडे ४१२.३६ आणि ४१३.७१, म्हणजे १.३५.

आता २.००६, १.३८३ आणि १.३५ यातलं रिपोर्टमध्ये काय लिहू? साहेब म्हणतात "सरासरी घे ना, एवढं काय त्यात". उद्या सकाळी रिपोर्ट द्यायचाय.

इंजिनिअर_बाबू

भाऊ, ट्रॅपेझॉइड ही ढोबळ पद्धत आहे, सिम्पसनचा १/३ नियम लाव. त्यात वक्र धरतात, सरळ रेषा नाही, त्यामुळे उत्तर जास्त अचूक येतं. दोन मिनिटांचं काम.

अंबडची_टेक्निशियन

भाऊ नाही, ताई :) सिम्पसन लावायला गेले होते पण त्यात एकच h असतो ना, सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या. माझी एक पट्टी ५ मिनिटांची आणि शेवटची ४० ची, मग h कुठला घ्यायचा?

मिसळप्रेमी

तुम्ही पॉवर फॅक्टर धरलाच नाही का? आमच्या वर्कशॉपला गेल्या वर्षी बिल वाढून आलं होतं तेव्हा कपॅसिटर बसवल्यावर फरक पडला. वॅटला पॉवर फॅक्टरने गुणा, १.३८३ चं १.३५ होऊन जाईल बघा.

जुना_कॅलिब्रेटर

मिसळप्रेमी, ते इथे लागू नाही. पॉवर फॅक्टर काहीही असो, पॉवर मीटरने दाखवलेला वॅटचा आकडा खऱ्या पॉवरचाच असतो, त्याला परत गुणलं तर तीच गोष्ट दोनदा कापल्यासारखं होईल. उत्तर जुळतंय म्हणून कारण बरोबर असं नसतं हो.

ताई, आधी एक सांगा. ओव्हनचा कंट्रोलर हीटरला पूर्ण चालू-बंद चालू-बंद करतो की पॉवर हळूहळू कमी करतो? म्हणजे मीटरवरचा आकडा स्थिर असायचा की दर दोन-चार सेकंदाला उड्या मारायचा? कारण उड्या मारत असेल तर तुम्ही वहीत लिहिलेला प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणाची लॉटरी, आणि त्यावर कुठलीही रीत लावा, उपयोग शून्य.

अंबडची_टेक्निशियन

नाही सर, थायरिस्टर युनिट आहे, आकडा शांतपणे उतरत जातो. उड्या नाहीत.

जुना_कॅलिब्रेटर

मग काम सोपं आहे. साहेबांच्या सरासरीचं आधी बघू. तुमच्या आठ रीडिंगपैकी पाच पहिल्या वीस मिनिटांतले आहेत, तेव्हा ओव्हन सगळ्यात जास्त ओढत होता. सरळ सरासरीत प्रत्येक रीडिंगला सारखाच मान, त्यामुळे ती वीस मिनिटं उरलेल्या सत्तर मिनिटांवर भारी पडली. तुम्ही सुरुवातीला दर मिनिटाला रीडिंग घेतले असते तर सरासरी अजून वर गेली असती, म्हणजे तुम्ही किती मेहनत केली त्यावर ओव्हनचा खर्च ठरला असता. ते २.००६ सोडून द्या.

समलंबात प्रत्येक पट्टी तिच्या स्वतःच्या वेळेने गुणली जाते म्हणून वेळा वेड्यावाकड्या असल्या तरी चालतं. एक्सेलमध्ये एकाच ओळीत असं करा, A मध्ये वेळ, B मध्ये वॅट:

```
=SUMPRODUCT(A3:A9-A2:A8,(B3:B9+B2:B8)/2)*24/1000
```

२४ एवढ्यासाठी की एक्सेल वेळ दिवसात मोजतं, आणि १००० ने भागलं की युनिट. A मधला फरक कुठे उणा येतोय का ते आधी बघायची सवय लावा, १:१० ची भानगड तिथेच पकडली जाईल.

आता १.३८३ आणि १.३५ मधला फरक कुठून आला ते तुम्हीच शोधा, एक गंमत सांगतो. ११:४५ चं रीडिंग खोडून परत काढा. मग ते परत टाका आणि ११:५५ चं खोडा. मग तेही परत टाकून १२:३० चं खोडा. तिन्ही उत्तरं इथे लिहा.

अंबडची_टेक्निशियन

केलं. ११:४५ खोडलं, १.३८३ च! ११:५५ खोडलं, तरी १.३८३. आणि १२:३० खोडलं तर १.४८३, एकदम ०.१ युनिट वाढलं. म्हणजे मी सुरुवातीला पाच पाच मिनिटांनी उभी राहून घेतलेल्या रीडिंगचा काहीच उपयोग नाही झाला का?

जुना_कॅलिब्रेटर

झाला नाही असं नाही, पण तिथे पॉवर जवळजवळ सरळ रेषेत उतरतेय, सरळ रेषेवर मधला ठिपका असला काय नसला काय, क्षेत्रफळ तेच. चूक साठते ती जिथे आलेख वाकतो आणि तुम्ही तिथे नसता तिथे. तुमच्या बाबतीत ते १२:१० नंतर. ओव्हन तापमानाला पोचत आला की पॉवर आधी भरभर पडते आणि मग सपाट होत जाते, म्हणजे आलेख खाली झोळीसारखा लोंबतो. आपण दोन ठिपक्यांमधून ताणलेली दोरी त्या झोळीच्या वरून जाते. म्हणून या भागात समलंबाचं उत्तर नेहमी जास्तच येणार, कमी नाही. मीटर १.३५ आणि तुम्ही १.३८३, दिशा बरोबर जुळतेय बघा. १२:३० ते १३:१० मध्ये एखादं रीडिंग असतं तर बराच फरक पडला असता.

अंबडची_टेक्निशियन

सर थांबा थांबा, जेवायला जाताना मी आमच्या हेल्परला सांगितलं होतं की ओव्हनवर लक्ष ठेव, त्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकलेला "मॅडम २०० डिग्री झालं" म्हणून, त्यात मागे पॉवर मीटरपण दिसतोय! फोटो १२:५० चा, वॅट ४५०.

टाकलं. १.३६७ आलं.

जुना_कॅलिब्रेटर

वा. हेल्परला चहा पाजा. पण फोटोचं घड्याळ आणि तुमच्या वहीचं घड्याळ एकच होतं ना ते बघा. या भागात पॉवर सपाट आहे म्हणून दोन-तीन मिनिटांनी फार बिघडत नाही, सुरुवातीच्या उतारावर मात्र बिघडलं असतं.

द्राक्षबागवाला

हे वाचून माझाच प्रश्न आठवला, मध्येच विचारतो, रागावू नका. पिंपळगावला आमचं छोटं कोल्ड स्टोरेज आहे, द्राक्षं प्रीकूलिंगला ठेवतो. कॉम्प्रेसरवर जो लॉगर लावलाय तो फक्त आकडा बदलला की नोंद करतो. उदाहरणार्थ १०:०० ला ८ किलोवॅट, १०:२० ला ०, ११:०० ला परत ८. मीपण हीच समलंबाची रीत लावली तर तासाला ४ युनिट येतात, आणि मीटर सांगतो पावणेतीनच्या आसपास. माझा आलेख तर झोळीसारखा नाहीये, मग?

जुना_कॅलिब्रेटर

दादा तुमचं दुखणं वेगळं. तुमचा कॉम्प्रेसर वीस मिनिटं पूर्ण ८ वर चालला आणि मग फटकन बंद झाला. समलंब मात्र समजतो की तो ८ वरून हळूहळू शून्यावर उतरला आणि मग चाळीस मिनिटं हळूहळू परत चढला. बंद असलेल्या चाळीस मिनिटांतच त्याने २.६७ युनिट खोटे जोडले, आणि चालू असताना निम्मे कापले. तुमच्या लॉगरमध्ये नोंद नाही याचा अर्थ "बदल नाही" असा आहे, म्हणून आधीचा आकडा पुढच्या नोंदीपर्यंत तसाच धरून वेळेने गुणा. ८ गुणिले वीस मिनिटं म्हणजे २.६७. ताईंच्या वहीत नोंद नाही याचा अर्थ "मी तिथे नव्हते" एवढाच. दिसायला दोन्ही तक्ते सारखेच दिसतात, हीच फसगत आहे.

द्राक्षबागवाला

अरे देवा. म्हणजे अख्ख्या सीझनचा हिशोब परत. धन्यवाद.

इंजिनिअर_बाबू

असमान पट्ट्यांसाठी पण सिम्पसनचं सूत्र असतं, मी बघितलंय, उगाच नाही म्हणत होतो. तीन तीन ठिपक्यांमधून पॅराबोला काढायचा.

जुना_कॅलिब्रेटर

असतं की, बरोबर आहे तुमचं. पण शेजारच्या पट्ट्या १० आणि २० मिनिटांच्या अशा असल्या की पॅराबोला मध्येच नको तिथे पोट काढू शकतो, आणि हाताने घेतलेल्या आठ-नऊ रीडिंगवर मी तरी तो खेळ करणार नाही. करून बघा, इथे टाका.

अंबडची_टेक्निशियन

सर मग शेवटी १.३६७ लिहू की १.३५? अजून ०.०१७ चा फरक आहे.

जुना_कॅलिब्रेटर

सबमीटर दोनच दशांश दाखवतो, सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन आकडे वजा केलेत, म्हणजे खरं मूल्य १.३४ ते १.३६ मध्ये कुठेही असू शकतं, शिवाय मीटरची स्वतःची चूक वेगळी. तुमच्या १.३६७ मध्ये १२:१० ते १२:३० ची झोळी अजून आहेच, तिथून थोडं कमी होईल. म्हणजे दोघं एकमेकांशी भांडत नाहीयेत. मी असतो तर मीटरचा आकडा मुख्य म्हणून लिहिला असता आणि हिशोबाचा पडताळणी म्हणून.

मिसळप्रेमी

पण सबमीटर कॅलिब्रेटेड आहे का? नसेल तर तो रिपोर्टमध्ये कसा लिहिणार?

अंबडची_टेक्निशियन

...त्याच्यावर स्टिकर आहे पण तारीख पुसली गेलीय. पॉवर मीटरचं सर्टिफिकेट आहे आमच्याकडे. साहेबांना विचारते. लॉगर गुरुवारी मोकळा होतोय, पार्टी तयार झाली तर ओव्हन गार करून परत एकदा लावते, दर मिनिटाला.