मदत हवी आहे : दोन साहेब, दोन ऑर्डरी, मी कोणाचं ऐकू?

मायक्रोमीटरवाला (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मी एका मशीनिंग कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. माझी हजेरी, रजा, शिफ्ट सगळं प्लांट हेड बघतात, पण टेक्निकल रिपोर्टिंग हेड ऑफिसच्या क्वालिटी मॅनेजरांना. अपॉइंटमेंट लेटरवर फक्त प्लांट हेडचं नाव आहे, क्वालिटी मॅनेजरांचं तोंडीच सांगितलंय. परवा शाफ्टचा २०० नगांचा लॉट आला, ड्रॉइंगवर व्यास २५ मिमी, टॉलरन्स ±०.०२. वीस नग तपासले तर तीन २५.०३ भरले. मी होल्ड टॅग लावून लॉट थांबवला. प्लांट हेड म्हणाले टॅग काढ, गाडी उभी आहे, एका शतांशाने काय बिघडतंय, आणि तेवढ्यात मॅनेजरांचा फोन की माझ्या परवानगीशिवाय एक नगही हलवायचा नाही. शेवटी गाडी रिकामी गेली, आता इकडचे साहेब बोलत नाहीयेत आणि तिकडचे विचारतायत रिपोर्ट उशिरा का. काय करू?

स्पष्टवक्ता
कंपनीचंच चुकतंय. मॅनेजमेंटचा फ्रेंच गुरू फेयॉलने १९१६ मध्येच लिहून ठेवलंय, एका माणसाला एकाच साहेबाकडून ऑर्डर. एकच बॉस द्या नाहीतर राजीनामा देतो असं सांगून टाका.

चारचौघी
आमच्याकडेही सेम! दुकान दोन भावांचं, मोठा म्हणतो उधारी बंद, धाकटा म्हणतो जुनं गिऱ्हाईक आहे देऊन टाक, आणि पैसे थकले की दोघंही माझ्याकडे बघतात. पगार कोण देतं ते बघा आणि त्याचंच ऐका.

शॉपफ्लोर_काका
चारचौघी, तुमचे दोघंही मालक आहेत, एकाच गोष्टीवर दोघांचा सारखाच हक्क, ते भांडण वेगळं. इथे दोघांचे हक्क वेगवेगळे आहेत, फक्त कोणी वाटून दिलेले नाहीत.

स्पष्टवक्ता, फेयॉलचं बरोबर सांगितलंत, पण अर्धंच. त्याच काळात टेलर या अमेरिकन इंजिनिअरने शॉपफ्लोरवर एका कामगाराला कामानुसार आठ फोरमन सुचवले होते, कोणी वेगाचा, कोणी दुरुस्तीचा, कोणी तपासणीचा. फेयॉलला ते पटलं नाही, त्यात एकाच साहेबाचा नियमच मोडतो म्हणून. पण तपासणीच्या बाबतीत नुसतं "एकच बॉस" म्हणून भागत नाही. इन्स्पेक्टर पूर्णपणे प्लांट हेडच्या हाताखाली दिला, तर महिनाअखेरीला टार्गेट आलं की टॅग निघणारच. क्वालिटीची दुसरी लाइन मुद्दाम ठेवतात ती यासाठी.

मग साहेब दोन असू देत, पण एका गोष्टीवर शेवटचा शब्द एकाचाच हवा. माल पास की फेल हे क्वालिटी मॅनेजर ठरवणार. कुठला लॉट आधी तपासायचा, ओव्हरटाइमला कोण थांबणार, हे प्लांट हेड. तुमच्या केसमध्ये प्लांट हेडना गाडीची घाई करायचा हक्क होता, टॅग काढायला सांगायचा नव्हता. आणि व्यास जास्त आहे, कमी नाही, म्हणजे ग्राइंडिंग करून ते नग वाचले असते. पण आधी सगळे २०० मोजायला हवेत, विसात तीन निघाले म्हणजे उरलेल्यांतही असणार. चांगले निवडून तेवढे पाठवता आले असते. नाहीतर ग्राहकाकडून लेखी डेव्हिएशन, म्हणजे माप बाहेर असूनही माल चालेल अशी मंजुरी, घ्यायचं, पण ते तुम्ही नाही, मॅनेजरांनी.

पुढच्या वेळी इकडचं तिकडे फोनवर सांगत बसू नका, तिथेच घोळ होतो, प्रत्येकाला वाटतं तुम्ही दुसऱ्याच्या बाजूचे. दोघांना एकच मेल टाका: "लॉट होल्डवर, २० पैकी ३ नग २५.०३, गाडी ५ वाजता. सॉर्टिंग, रिवर्क की डेव्हिएशन, दोघांनी मिळून ४ पर्यंत कळवावं. तोवर टॅग तसाच." भांडण दोन साहेबांमध्ये जाऊ दे, तुमच्या टेबलावर नको. आणि कोणी तोंडी टॅग काढायला सांगितलं तर रिलीज स्लिपवर सही मागा, बरेचदा तिथेच आवाज खाली येतो.

स्पष्टवक्ता
काका मान्य, पण अप्रेझल कोण भरतं? तो खरा बॉस. मेलामेलीने इन्क्रिमेंट वाचत नाही.

मायक्रोमीटरवाला
तेच ना. अप्रेझल प्लांट हेड भरतात, मॅनेजरांचं मत विचारतात की नाही तेही माहीत नाही. मेलचं पटलं, तसंच करीन. पण काका, रिपोर्टचं काय? दुपारी लाइनवर तपासणी आणि हेड ऑफिसचा रिपोर्ट एकाच वेळी असतो, इथे पास-फेलचा प्रश्नच नाही, माझा वेळ कोणाचा हा आहे.

शॉपफ्लोर_काका
वेळ प्लांट हेडचा, तेव्हा मॅनेजरांना सांगा की रिपोर्टची वेळ त्यांनी प्लांट हेडशी बोलून ठरवावी, तुमच्यामार्फत नाही. तोंडी रिपोर्टिंगही लेखी मागून घ्या. अप्रेझलचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यात मॅनेजरांचा वाटा हवा, पण तो त्या दोघांच्या वरचा साहेबच ठरवू शकतो. तुमच्याकडे तसा कोणी आहे का?

मायक्रोमीटरवाला
आहेत, डायरेक्टर. पण त्यांच्यापर्यंत मी थेट गेलो तर दोघंही चिडतील. कोणी असं केलंय का?